नंबर बदलला तरी खातं उघडलं पाहिजे



अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेले आणि जायच्या तयारीत असलेले बरेच जण आज इथे आहेत, म्हणून मी एकच खातं उदाहरणाला घेतो: Login.gov. अमेरिकन सरकारची अनेक कामं या एका लॉगिनवर चालतात. नोकरी करताना तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे कापले जातात आणि त्याचा वर्षावर्षाचा हिशेब ऑनलाइन बघायचा तर या खात्यातून जाता येतं.

समजा, चिपळूणची सलमा न्यू जर्सीत सहा वर्षं नोकरी करून परत आली. पेन्शनसाठी साधारण दहा वर्षांच्या कामाचे 40 क्रेडिट लागतात. पुढेमागे ती पुन्हा तिकडे गेली, तर आधीची सहा वर्षं त्यात धरली जातात. म्हणजे हा हिशेब तिला हाताशी हवा. पण खातं उघडताना तिने दुसऱ्या पायरीसाठी फक्त अमेरिकेतला मोबाइल नंबर दिला होता. परत आल्यावर सिम बंद झालं. आता पासवर्ड बरोबर टाकला, तरी कोड जातो त्या बंद नंबरवर. शिवाय बंद झालेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही. तिकडच्या नियमाप्रमाणे किमान 45 दिवस थांबून तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो.

हेल्पलाइनला फोन केला तर? तिथला माणूस दुसरी पायरी काढून टाकू शकत नाही. नोंदवलेला एकही मार्ग हाती नसेल, तर खातं डिलीट करायची विनंती करायची, 24 तास थांबायचं आणि नवीन खातं उघडायचं. नव्या खात्यात ओळख पुन्हा पटवावी लागते. त्यासाठी अमेरिकन राज्याचं लायसन्स किंवा ओळखपत्र लागलं, आणि सलमाचं तोवर संपलेलं असलं, तर ती तिथेच अडकते. म्हणून ही तयारी विमानात बसायच्या आधी, जुना नंबर चालू असतानाच करायची.

आता ऑथेंटिकेटर अ‍ॅप काय करतं ते बघू. तुम्ही स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करता, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते. तीच किल्ली सर्व्हरकडेही असते. दोघंही ती किल्ली आणि चालू वेळ यांच्यावरून दर 30 सेकंदांनी सहा आकडे काढतात. दोन्हीकडचे आकडे जुळले की दार उघडतं. यात सिम नाही, एसएमएस नाही, इंटरनेटही लागत नाही. विमानातसुद्धा अ‍ॅप कोड दाखवतं.

यातूनच एक नेहमीची अडचण समजते. अ‍ॅपमधला ताजा कोड टाकूनही तो पुन्हा पुन्हा चुकीचा ठरत असेल, तर आधी फोनचं घड्याळ बघा. भारतात उतरल्यावर काही जण काटे हाताने पुढे सरकवतात, पण टाइम झोन जुनाच राहतो. मग फोनच्या हिशेबाने वेळ काही तास चुकते आणि कोडही चुकतात. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. नुसता टाइम झोन बदलल्याने काही बिघडत नाही, कारण हिशेब जगभर एकाच प्रमाणवेळेवर होतो.

जोडायची पद्धत अशी. फोनवर गूगल ऑथेंटिकेटरसारखं अ‍ॅप घ्या. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून Login.gov उघडा. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून जाऊ नका. कारण बनावट पानावर टाकलेला सहा आकडी कोड समोरचा माणूस त्याच 30 सेकंदांत खऱ्या पानावर वापरू शकतो, आणि हे अ‍ॅप ते थांबवू शकत नाही.

लॉगिन झाल्यावर खात्याच्या पानावर ऑथेंटिकेशन अ‍ॅप जोडायचा पर्याय शोधा. त्याला ओळखीचं नाव द्या, क्यूआर स्कॅन करा आणि अ‍ॅपमध्ये दिसणारे सहा आकडे पानावर भरा. पान पुढे गेलं की जोडणी झाली. त्याच पानावर आणखी एक ईमेल जोडून घ्या. विद्यापीठाचा किंवा कंपनीचा ईमेल एकटा असेल, तर तोही एक दिवस बंद होणार.

पण फोन हरवला तर किल्लीही गेली. नवीन फोनवर तेच अ‍ॅप टाकलं की जुने कोड आपोआप येतील असं धरून चालू नका. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये गूगल खात्याशी सिंक चालू असेल तरच ते येतात. जुना फोन हाताशी असेल, तर अ‍ॅपमधली ‘ट्रान्सफर’ची सोय वापरून आधी हलवा, नवीन फोनवरून एकदा लॉगिन करून बघा आणि मगच जुना फोन रीसेट करा.

फोन हाताशीच नसेल, त्या दिवसासाठी बॅकअप कोड असतात. Login.gov असे दहा कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. नवीन यादी काढली की जुनी रद्द होते, म्हणून यादीवर तारीख लिहा. नाहीतर दोन वर्षांनी दोन कागद सापडतील आणि खरा कुठला ते कळणार नाही.

हे कोड ठेवायचे कुठे? स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवले, तर फोनबरोबर तेही जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवले, तर चॅट ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे तेही जातात. कागदावर छापा किंवा सुवाच्य लिहा, आणि दोन प्रती करा. सलमाने एक प्रत पासपोर्टच्या कागदांत ठेवावी आणि दुसरी चिपळूणला अम्मीच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्या असतात तिथे. कागदावर पासवर्ड लिहायचा नाही. कोणाला नुसता कागद सापडला, तर पासवर्डशिवाय त्याचा उपयोग नाही. पासवर्ड शेजारी लिहिला, तर दोन्ही पायऱ्या एकाच कागदावर आल्या.

आता चाचणी. ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा, ईमेल आणि पासवर्ड टाका. कोड मागितला की दुसरी पद्धत निवडायच्या पर्यायावर जा आणि बॅकअप कोड निवडा. यादीतला पहिला कोड टाका. आत गेलात की दोन्ही कागदांवर तो कोड खोडा. नऊ उरले. एक कोड खर्च झाला, पण कागद खरा आहे आणि आपलं अक्षर आपल्याला वाचता येतं, हे दोन्ही कळलं. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांतला घोटाळा असेल तर तो इथेच पकडला जातो.

शेवटची पायरी म्हणजे अमेरिकेतला नंबर खात्यातून काढणं. अ‍ॅपने एकदा आणि बॅकअप कोडने एकदा लॉगिन झालं, तरच तो काढा. आधी काढलात तर सलमाच्याच जागी जाऊन बसाल.

तुमच्यापैकी ज्यांचा परतीचा महिना ठरलाय, त्यांनी सिम बंद करायच्या यादीत त्याच्या वरच्या ओळीवर हे काम लिहून ठेवा.