तक्त्यातले आठ टक्के खरे किती?

बँकेच्या सांगली शाखेतल्या मुदत ठेवींच्या दरफलकाचा फोटो साताऱ्यातल्या आजोबांच्या मोबाईलवर येतो. समजा, ज्येष्ठांच्या रकान्यात एक वर्षाला ७ टक्के आहेत, पाच वर्षांना ६.८, आणि शेजारी ‘सरासरी परतावा ८.०२’. मोह त्या आठाचाच पडतो.

पण ६.८ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, लाखाचे पाच वर्षांत सुमारे १,४०,०९० होतात. वरच्या ४०,०९० ला पाचने भागलं की ८.०२! हा दर नव्हे, नुसता भागाकार. तुलना दराची दराशीच करावी.

आता कर. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना ५०,००० रुपयांपर्यंतचं व्याज वजा मिळतं; नव्या प्रणालीत नाही. ही वजावट इतर व्याजात संपली असेल आणि उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह २०.८ टक्के जातात. हाती उरतात ७ चे ५.५४ आणि ६.८ चे ५.३९. म्हणजे कराने क्रम बदलला नाही. मात्र वर्षानंतर दर घसरले, तर पाच वर्षांची ठेवच सरस ठरू शकेल.

आणखी एक: व्याज मुदतीअखेर मिळणार असलं, तरी बँक टीडीएस दरवर्षीच्या जमा व्याजावर कापते. फोटोत ‘लागू दिनांक’ कापला गेला असेल, तर तो आधी विचारून घ्या.