घर सोडताना उरलेले सामान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठ्या विषयावर मला बोलता यायचे नाही. म्हणून चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी घरातलाच विषय घेतला. आपल्या स्वारगेटच्या बाजूला जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम चालू आहे. आज या बिऱ्हाडाची पाळी, तर उद्या त्या बिऱ्हाडाची. आमचीही पाळी गेल्या वर्षी आली. घर सोडताना जे सामान बरोबर नेता येत नाही, ते उकिरड्यावर न जाता कोणाच्या तरी घरी कसे पोहोचवावे, एवढेच मी सांगणार आहे.

हल्ली प्रत्येक इमारतीचा मोबाइलवर एक ग्रुप असतो. सामान द्यायचे झाले की आपण त्यावर लिहितो, "घर सोडत आहोत, बरेच सामान आहे, कोणाला हवे असल्यास सांगावे." आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने असेच लिहिले होते. उत्तरादाखल बारा-चौदा नमस्कार आले, शुभेच्छा आल्या. सामान पाहायला मात्र कोणीच आले नाही. शेवटच्या रात्री सोफा, गाद्या आणि टेबल खाली भिंतीशी ठेवून ती मंडळी गेली. रोजच्या ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर सोफा काही जात नाही. दोन दिवसांनी पाऊस आला, आणि बसायच्या लायकीचे सामान चिखलात गेले.

यात लोकांचा दोष नाही. "बरेच सामान" वाचून घेणाऱ्याला काय कळणार? आपल्या दारातून ते आत जाईल का, चालू आहे का, पैसे पडतील का, हे सारे त्याला विचारावे लागते, आणि विचारायला माणूस संकोचतो. म्हणून त्याने विचारण्याआधीच उत्तर लिहून ठेवावे. मी घर सोडण्याच्या एकवीस दिवस आधी हा मजकूर पाठवला :

"आम्ही 30 तारखेला घर सोडत आहोत. पुढील वस्तू विनामूल्य द्यावयाच्या आहेत.
1. लोखंडी कपाट. उंची साडेसहा फूट, रुंदी 3 फूट. किल्ल्या दोन. खालचा कप्पा गंजलेला.
2. फ्रीज, एका दाराचा, बारा वर्षांचा. चालू आहे. दाराचे रबर एका कोपऱ्यात सैल.
3. पायाचे शिवणयंत्र. चालते. वादी नवी लागेल.
4. कापसाच्या गाद्या दोन. ढेकूण नाहीत.
5. सोफा. भुशाच्या फळीचा. एकदा खोललेला आहे.
6. जुना टीव्ही, मागे फुगीर. बंद.
पाहण्यास रोज संध्याकाळी 5 ते 7 यावे. जो प्रथम येऊन पाहील व नेण्याचा दिवस ठरवील त्याला वस्तू मिळेल. 25 तारखेपर्यंत न्यावी. नेण्याचा खर्च नेणाऱ्याचा."

प्रत्येक वस्तूचा फोटो वेगळा घातला आणि त्याखाली तिचा क्रमांक लिहिला. ज्याला जी वस्तू हवी त्याने त्याच फोटोला उत्तर द्यावे, म्हणजे "मला पाहिजे" म्हणजे नेमके काय, हा घोळ होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून दर रविवारी मी नवी यादी घातली आणि गेलेल्या वस्तूपुढे "दिले" असे लिहिले.

आता एकेका वस्तूचे सांगते. कपाटाची मापे लिहिली होती, म्हणून दोघांनी आधीच नाही म्हटले, ते बरेच झाले. साडेसहा फुटी कपाट जिन्याच्या वळणावर आडवे वळत नाही. ते उभे करून, तिरके धरून वळवावे लागते, आणि वर छत ठेंगणे असले की अडते. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊजींनी सुतळी आणून जिना मोजला आणि मगच चार माणसे बोलावली. दाराबरोबर जिन्याचे वळणही मोजायला त्यांनी सर्वांना शिकवले.

गाद्या देताना शिवणीच्या कडा उलटून पाहाव्यात. शाईचे टिंब पडावे तसे काळे ठिपके दिसले तर ती ढेकणांची घाण असते. अशी गादी कोणालाही देऊ नये, फुकटही नाही. आमच्या गाद्या स्वच्छ होत्या, पण बसून चपट्या झाल्या होत्या. कापसाच्या गादीचे एक बरे असते, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला की ती पुन्हा उभी राहते. फोमची गादी एकदा बसली की बसली. त्यामुळे कापसाच्या गाद्या लगेच गेल्या.

सोफ्याचे मात्र कोणी नाव काढले नाही. भुशाची फळी म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली फळी. एकदा स्क्रू काढून पुन्हा बसवला की तो पहिल्यासारखा धरत नाही, आणि पायाला फरशीचे पाणी लागले की फळी पोळीसारखी फुगते. सागवानी खुर्ची चार घरे फिरेल, हा सोफा दुसऱ्याच घरी मोडेल. तो वाड्यातल्या एका मुलाने नेला तो फक्त वरच्या उशांसाठी, आणि मी त्याला तसेच सांगून दिला.

आता फ्रीज. भगिनींनो, इथे खरी गोष्ट आहे. आपला ग्रुप कोणासाठी असतो? पाण्याचा टँकर कधी येणार आणि महिन्याची वर्गणी कोणाची राहिली, हे कळवण्यासाठी. त्यात घरमालक असतात. जिना झाडणाऱ्या बाई, राखणदार, आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मुली त्यात नसतात, आणि वापरलेला फ्रीज ज्यांना खरोखर उपयोगी, त्या नेमक्या याच. पुष्कळजणी म्हणतात, आधी ग्रुपवर विचारू, उरेल ते त्यांना देऊ. मला ते पटेना. उरलेले म्हणजे कोणालाच नको असलेले. म्हणून ज्या दिवशी मजकूर पाठवला त्याच दिवशी मी तो कागदावर उतरवून या सर्वांना वाचून दाखवला. अट तीच, जो आधी पाहील त्याची वस्तू. जिना झाडणाऱ्या मावशी दुसऱ्याच संध्याकाळी आल्या. त्यांनी फ्रीजचे दार दोनदा उघडून मिटून पाहिले, रबर कुठे सैल आहे ते बोटाने चाचपले, आणि वीज किती जाळतो ते विचारले. जुना फ्रीज नव्याहून जास्त वीज घेतो, हे मी सांगितले. सुनेच्या बाळाचे औषध थंड ठेवायचे होते, म्हणून त्यांनी तरीही घेतला.

फ्रीज द्यायच्या आदल्या दिवशी बंद करावा, दार उघडे ठेवावे आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने बर्फ खरवडू नये. आत बारीक नळी असते, ती फुटली की वायू निघून जातो आणि फ्रीज कायमचा गेला. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमधला वायू पेट घेणाराही असतो. टेंपोत तो उभाच न्यावा. आडवा न्यावा लागलाच, तर घरी उभा करून सबंध दिवस तसाच ठेवावा आणि मग चालू करावा, कारण यंत्रातले तेल नळ्यांत गेलेले असते ते खाली उतरायला वेळ लागतो.

टेंपोवाल्याने मावशींना सातशे रुपये सांगितले. सातशे रुपये मोजून आणलेला फ्रीज फुकट कसला? त्या दिवशी आमचेही काही सामान धायरीकडे जायचे होते. त्याच टेंपोच्या पहिल्या फेरीत फ्रीज घातला. आणखी एक केले. एका वहीच्या पानावर लिहून दिले, "हा फ्रीज मी यांना दिला आहे," आणि खाली सही व तारीख घातली. फाटकावर त्यांना थांबवून विचारले गेलेच. चिठ्ठी होती म्हणून त्यांना मान खाली घालावी लागली नाही. सोसायटीतून वस्तू बाहेर नेणाऱ्या गरीब बाईकडे लोक कसे पाहतात, हे आपण सर्वजणी जाणतो. म्हणून चिठ्ठी दिल्यावाचून वस्तू देऊ नये.

शिवणयंत्र माझ्या सासूबाईंचे. ते यादीत लिहावे की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस बोलणे झाले. नव्या जागेत ते माळ्यावर गेले असते आणि गंजले असते. पर्वतीच्या पायथ्याला राहणारी एक मुलगी शिवण शिकत होती, तिने ते नेले. वादी सैल असेल तर थोडी कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडता येते, पण आमची वादी चिरली होती, म्हणून नवीच लागली. आज ती परकर आणि पिशव्या शिवते. आता त्या यंत्राला रोज तेल मिळते, सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत तेही मिळत नव्हते.

उरला बंद टीव्ही. फुगीर टीव्हीच्या काचेत शिसे असते. तो भंगारात फुटला तर फोडणाऱ्याच्याच पोटात ते जाते, म्हणून असली वस्तू कोणाच्या गळ्यात घालू नये. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे 2008 मध्ये महापालिकेबरोबर काम करणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. घरोघर कचरा नेणाऱ्या त्यांच्याच ताईंना विचारले, तर जुनी विजेची उपकरणे कोठे आणि कधी घेतात ते कळते. आमचा टीव्ही तसाच गेला.

दोन वस्तू यादीत घालू नयेत. एक, गॅसची टाकी आणि तिचा रेग्युलेटर. ती कंपनीची मालमत्ता असते आणि जोडणी आपल्या नावावर असते. ती एजन्सीकडेच परत द्यावी किंवा नव्या पत्त्यावर बदलून घ्यावी. दुसरी, इन्व्हर्टरची बॅटरी. तिच्यात तेजाब असते. ती उभीच न्यावी आणि बॅटरी विकणाऱ्याकडे द्यावी, तो जुन्या बॅटरीचे पैसेही वळते करतो.

25 तारखेला आमच्या दारात एकही वस्तू नव्हती, आणि मुदतीनंतरचे पाच दिवस हाती राहिले. मुदत आणि घर सोडण्याचा दिवस यांत हे अंतर हवेच. कबूल करून न येणारा एखादा असतोच, आणि मग दुसऱ्याला बोलवायला वेळ उरतो. आपल्यापैकी ज्यांची पाळी यायची आहे, त्यांनी फीत घेऊन आजच एक कपाट मोजून ठेवावे.