बारीक केस आणि विरळ केस

माझ्या दुकानातील खुर्चीवर बसताच पुष्कळ भगिनी जी पहिली तक्रार मांडतात ती अशी की, ‘माझे केस फार पातळ आहेत’. आणि या एका शब्दात दोन सर्वस्वी भिन्न गोष्टींची सरमिसळ झालेली असल्याने, कात्री हाती घेण्यापूर्वी त्याची फोड करणे मला प्राप्त होते. प्रत्येक केस स्वतः किती जाड वा बारीक आहे, ही त्याची जाडी. आणि डोक्यावरील बोटभर जागेत असे किती केस उगवले आहेत, ही दाटी. एकीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही.

जाडी पाहायची तर गळलेला एखादा स्वच्छ, कोरडा केस अंगठा व तर्जनी यांमध्ये फिरवावा. तो शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड, जेमतेम जाणवला तर बारीक. दाटीसाठी मात्र दोन-तीन ठिकाणी भांग पाडून त्वचा किती उघडी पडते ते पाहावे. तेल लावलेले वा ओले केस एकमेकांस चिकटून विरळ भासतात, म्हणून ही तपासणी कोरड्या केसांवरच करावी.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. केस खांद्याखाली चार बोटे, वरून चपटे आणि टोकांशी झिरझिरीत. फुगीरपणा यावा म्हणून पूर्वी कोणी त्यांना वरपासून खालपर्यंत आखूड लेअर कापून दिले होते. मी भांग पाडून पाहिले, तर त्वचेची रेघ अगदी अरुंद. केस दाट होते, परंतु एकेक केस रेशमासारखा बारीक. केसाचा व्यास निम्मा असेल, तर त्याचा ताठपणा निम्म्यावर नव्हे, सोळाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे असा केस आखूड केला तरी उभा राहत नाही, आणि लेअरपायी टोकांशी उरलेले थोडे केस मात्र उघडे पडतात. मी लांबी हनुवटीच्या जरा खाली आणून कड सरळ रेषेत कापली, म्हणजे ती दाटी एका ओळीत एकवटली, आणि केवळ माथ्यावर दोन-तीन लांब लेअर ठेवून वरचा भार हलका केला. वस्तऱ्याला हात लावला नाही, कारण त्याने बारीक केसांची टोके पिंजतात.

याउलट केस जाड पण विरळ असतील, तर आखूड लेअर ताठ उभे राहतात व मधून त्वचा डोकावते. तेथे लांबी राखून केसांना त्यांच्या वजनानेच खाली बसू द्यावे. जाड आणि दाट केसांतला भार अवश्य काढावा, पण दातेरी कात्री मुळांपाशी चालवू नये. तेथे उरलेले खुंट वरच्या केसांना ढकलतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत डोके पहिल्याहून अधिक फुगते.

तेव्हा पुढील खेपेस केस कोरडे, बिनतेलाचे घेऊन जा, आणि ‘पातळ’ एवढेच सांगून थांबू नका. बारीक की विरळ, ते सांगा.