आधी पुस्तक की आधी चित्रपट?



कादंबरीचा तास सुरू झाला की दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो : "सर, पिक्चर आधी बघितला तर चालेल का?" पूर्वी मी सरळ 'नाही' म्हणत असे. आता विचारतो, "पुस्तक कोणतं?"

मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या जोशीची ही गोष्ट तो स्वतःच सांगतो. सुजय डहाके यांनी तिच्यावर चित्रपट केला. एका वर्षी वेळ कमी होता म्हणून मी वर्गाला आधी चित्रपट दाखवला. परीक्षेत निवेदकावर प्रश्न विचारला. उत्तरांत शिरोडकरचे डोळे होते, वर्ग होता, सगळे प्रसंग होते. जोशी स्वतःशी काय बोलतो ते मात्र फारच थोड्यांनी लिहिले. दोष मुलांचा नव्हता. पुस्तकात आपण जोशीच्या डोळ्यांनी बघतो. पडद्यावर आपण जोशीकडे बघतो. एकदा नटाचा चेहरा मनात बसला की वाचतानाही तोच समोर येतो, आणि आतला आवाज मागे पडतो. हे तपासायला मी आता एक प्रश्न विचारतो : "या प्रसंगात जोशीला स्वतःला काय कळलेलं नाही?" ज्याने फक्त पाहिले आहे, तो प्रसंग सांगून थांबतो.

'सिंहासन'चे उलट आहे. जब्बार पटेल यांचा 1979 चा हा चित्रपट अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार नेता, पत्रकार अशा माणसांच्या गर्दीत नवा वाचक वाट चुकतो. चित्रपटात निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हाती लागतो आणि या गर्दीचा नकाशा कळतो. मग वाचताना खरे काम सुरू होते : कोणता धागा कोणत्या पुस्तकातला, आणि तेंडुलकरांनी काय सोडले? इथे आधी पाहिल्याने वाचन कमी होत नाही, नेमके होते.

म्हणजे गोष्ट एका माणसाच्या आवाजात असेल तर आधी पुस्तक, आणि अनेकांच्या व्यवहारात असेल तर आधी चित्रपट चालतो.

आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. गोव्यातल्या ज्या मुलाच्या घरी कोकणी आहे, त्याला 'शाळा'तल्या पोरांची बोली कागदावर पटकन ऐकू येत नाही. अशा मुलाला निव्वळ तत्त्वापायी अडवले तर तो पुस्तकच मिटवतो. म्हणून हल्ली मी वर्गात पहिली पन्नास पाने मोठ्याने वाचून घेतो, मग चित्रपट, मग उरलेली कादंबरी. तोवर जोशीचा आवाज कानात बसलेला असतो, आणि नंतर आलेला चेहरा त्याला सहसा पुसत नाही.

'सहसा' म्हणालो. काही मुलांच्या बाबतीत अजूनही पुसतो.