उकळताना दूध का नासतं?
जालन्याच्या उन्हाळ्यात सकाळचं दूध दुपारी तापवलं की कधीकधी नासतं. चवीला तर आंबट नव्हतं, मग झालं काय?

ताज्या दुधाचा सामू साधारण 6.6 असतो. उकाड्यात जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. केसीन या प्रथिनाचे कण सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. आम्ल तो भार घटवतं. न तापवलेलं दूध पूर्ण विरजायला सामू 4.6 च्या आसपास यावा लागतो. उकळत्या दुधात मात्र सहाच्या आसपासच गाठी होतात, कारण उष्णतेने कण जोरात आदळून चिकटतात.

म्हणून दूध आल्याबरोबर उकळा. शिळं त्यात मिसळू नका. शंका वाटली तर चमचाभर वेगळं उकळून पाहा. सोडा मुळीच घालू नका. त्याने आम्ल दबतं, जिवाणू तसेच राहतात.