वर्गणी संपल्यानंतरची नोंद

एखाद्या चित्रपटसेवेची वर्गणी संपली, म्हणजे तिच्या दप्तरातील आपली नोंदही आपोआप नष्ट झाली, असे समजणे युक्त नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या हुकमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला कार्डाचा पूर्ण क्रमांक जतन करता येत नाही. त्याच्यापाशी राहते ते त्याऐवजी दिलेले टोकन आणि कार्डाचे अखेरचे चार अंक. सदस्यत्व रद्द केल्यावरही हे टोकन जिवंत राहू शकते. म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेच्या ॲपमध्ये टोकनांची यादी उघडून ते तेथूनच रद्द करावे. नाव, पत्ता, दूरध्वनी पुसून घेण्यासाठी मात्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे नोंदणीकृत ईमेलवरून लेखी अर्ज करावा. हिशेबापुरत्या पावत्या कायद्यान्वये कंपनीजवळ राहतील; उरलेले काय पुसले, याचे लेखी उत्तर अवश्य मागून घ्यावे.