चिकूच्या फोडींचे पहिले वर्ष



गेल्या संक्रांतीपासून मी डहाणूला घरच्या अंगणात चिकूच्या फोडी सुकवून विकू लागले, त्याला आता वर्ष झाले. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे फळाची ओळख करून द्यावी लागली नाही. शिकायचे होते ते मलाच.

पिकलेले पण घट्ट फळ सोलावे, बिया काढाव्यात, फोडी जाळीखाली उन्हात वाळवाव्यात, एवढे मला येत होते. परंतु तलासरीच्या बाजारात घेतलेले एक पुडके एका बाईंनी आठ दिवसांनी परत आणले. आत बुरशी होती! फोडी ऊन असतानाच मी पिशवीत भरल्या होत्या. आतल्या वाफेचे पाणी झाले. जाड फोडी तर मधून ओल्याच होत्या.

आता फोडी सारख्या जाडीच्या कापते व सावलीत पूर्ण निवू देते. मग काचेच्या बरणीत घट्ट झाकून आठवडाभर ठेवते आणि रोज हलवते. काचेवर दव दिसले किंवा फोडी एकमेकींना चिकटल्या, तर त्या पुन्हा उन्हात जातात. पावसाळ्यात काम बंदच ठेवते.

त्या बाईंनी चारचौघींत बोभाटा न करता पुडके माझ्या हाती दिले, आणि पुढे पुन्हा घेतलेही. त्यांचे व तुम्हां सर्वांचे मनापासून आभार. काही खराब निघाले, तर असेच परत आणा. पैसे तर देईनच, पण चूक कोठे झाली ते मला कळेल.